आधी कागद दाखवा, मग पैसे मागा

एप्रिल २०१२मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे तिथल्या व्यापार आयोगाने, कॅलिफोर्नियातल्या एका वसुली कंपनीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. आयोगाच्या म्हणण्यानुसार या मंडळींनी किमान सहा लाख फोन नंबरांवर २७ लाखांहून जास्त कॉल केले होते. दोन वर्षांच्या आत त्यांनी लोकांकडून ५२ लाख डॉलरहून अधिक रक्कम उकळली. ही रक्कम ज्या देण्यापोटी मागितली जात होती, ते देणं एकतर अस्तित्वातच नव्हतं किंवा ते वसूल करण्याचा त्यांना काडीचाही अधिकार नव्हता. फोन करणारे बसले होते भारतात. कुणी पोलीस असल्याचं भासवत होतं, कुणी वकील. ज्यांना फोन गेले, त्यांच्यापैकी अनेकांनी कधीतरी इंटरनेटवर छोट्या कर्जासाठी अर्ज भरला होता आणि त्या अर्जातली माहिती या टोळीच्या हाती लागली होती. त्यामुळे फोनवरचा माणूस नाव, पत्ता, कधी कधी सोशल सिक्युरिटी नंबरसुद्धा बिनचूक सांगायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, एवढं सगळं ठाऊक आहे म्हणजे खरंच काहीतरी देणं राहिलं असेल. काहींनी तर देणं नाही हे पक्कं माहीत असूनही, रोजचा तगादा थांबावा म्हणून पैसे भरले.

चार वर्षांनी, ऑक्टोबर २०१६मध्ये, ठाणे पोलिसांनी मिरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथून अमेरिकेतल्या लोकांना ‘तुमचा कर थकलाय, आज भरला नाहीत तर अटक होईल’ असे फोन जात होते. महाराष्ट्रातल्या वाचकांना ते प्रकरण आठवत असेल.

या दोन्ही प्रकरणांत लोक फसले ते एकाच जागी. फोनवरच्या आवाजावरून खरं देणं आणि खोटं देणं वेगळं ओळखता येत नाही, आणि पैसे देऊन झाल्यावर ओळखून उपयोग नसतो. भर म्हणजे खरी, कायदेशीर वसुली एजन्सीसुद्धा तितकीच अनोळखी असते. ज्या दवाखान्यात उपचार घेतले किंवा ज्या बँकेचं कार्ड वापरलं, तिचं नाव फोनवर ऐकू येतच नाही. ऐकू येतं ते कुठल्या तरी तिसऱ्याच कंपनीचं, जिच्याशी आपला आयुष्यात कधी संबंध आलेला नसतो. म्हणूनच अमेरिकेच्या कायद्याने १९७७ सालीच सामान्य माणसाच्या हातात एक साधं हत्यार दिलं: हे देणं माझंच आहे याची खातरजमा मला लेखी करून द्या, तोवर वसुली थांबवा, असं सांगण्याचा हक्क. अमेरिकेत स्थिरावलेल्या आणि नव्याने तिथे गेलेल्या मराठी माणसाला हा हक्क नीट ठाऊक असायला हवा, कारण त्याला मुदत आहे आणि ती फोनवर बोलण्यात सहज निघून जाते.

या कायद्याचं नाव फेअर डेट कलेक्शन प्रॅक्टिसेस ॲक्ट. तो लागू होतो तो तिऱ्हाइताला, म्हणजे दुसऱ्याचं देणं वसूल करणाऱ्या एजन्सीला, नियमितपणे असं काम करणाऱ्या वकिलांना आणि साधारणपणे बुडीत खाती विकत घेऊन त्यांची वसुली हाच धंदा करणाऱ्या कंपन्यांना. ज्या बँकेचं कार्ड आहे ती बँक स्वतःच्या नावाने स्वतःचे पैसे मागत असेल, तर तिला हा कायदा लागत नाही. देणंही घरगुती कारणाचं असावं लागतं: औषधोपचार, क्रेडिट कार्ड, घराचं भाडं, फोनचं बिल. धंद्यासाठी काढलेलं कर्ज यात येत नाही.

कायद्याचा गाभा एका कागदात आहे. एजन्सीने पहिला संपर्क साधला की पाच दिवसांच्या आत तिने देणेकऱ्याला देण्याचा तपशील पाठवायचा असतो, पहिल्याच संपर्कात तो दिला नसेल तर. या कागदाला तिथे व्हॅलिडेशन नोटीस म्हणतात. ती मिळाल्यापासून ३० दिवसांत माणसाने लेखी हरकत घेतली, तर एजन्सीला त्या देण्याची वसुली तिथल्या तिथे थांबवावी लागते. देण्याचा पडताळा घेऊन तो कागद डाकेने पाठवेपर्यंत तिला फोन करता येत नाही, पत्र पाठवता येत नाही, खटलाही भरता येत नाही. मूळ धनको दुसराच कुणी असेल तर त्याचं नाव आणि पत्ताही याच मुदतीत लेखी मागता येतो.

यात ‘लेखी’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. फोनवर ‘हे देणं माझं नाही’ असं दहादा सांगितलं, तरी वसुली थांबवून पडताळा पाठवण्याचं बंधन एजन्सीवर येत नाही. मराठी माणूस बहुधा इथेच चुकतो. तो फोनवर सविस्तर बोलतो, सगळी हकिकत सांगतो, समोरचा ‘मी नोंद करून ठेवतो’ म्हणतो आणि याला वाटतं की काम झालं. तोंडी बोलण्याचा काहीच उपयोग नाही असं नाही. पुढे हे देणं कुणाला कळवताना ‘यावर वाद आहे’ हे एजन्सीला सांगावंच लागतं. पण वसुलीला लगाम बसतो तो कागदानेच.

नोव्हेंबर २०२१च्या अखेरीस ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोचे नवे नियम लागू झाले. त्यांना रेग्युलेशन एफ म्हणतात. तेव्हापासून ही नोटीस कशी दिसावी याचा नमुनाच ठरला आहे आणि बहुतेक खऱ्या एजन्सी तोच वापरतात. त्यामुळे एकदा ती डोळ्यांखालून घातली की पुढच्या वेळी बनावट कागद ओळखणं सोपं जातं. म्हणून एक उदाहरण घेऊन ती वाचून पाहू.

समजा, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एक मराठी कुटुंब राहतं. जुलै २०२४मध्ये मुलाच्या हाताला लागलं म्हणून रात्री त्याला रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात नेलं. एक्स-रे झाला, डॉक्टरांनी तपासलं, सकाळी सगळे घरी आले. रुग्णालयाचं बिल आलं आणि ते भरलंही. आठ महिन्यांनी, मार्च २०२५मध्ये, कधी नाव न ऐकलेल्या एका एजन्सीचं पाकीट दारात येतं. पत्रावर तारीख ३ मार्च, मागणी १,२७९ डॉलर ६० सेंट.

पत्राच्या वरच्या भागात एजन्सीचं नाव आणि टपालाचा पत्ता असतो. डाव्या बाजूला ती कुणाचे पैसे मागते आहे ते लिहिलेलं असतं: इथे एका डॉक्टरांच्या गटाचं नाव, आणि खाते क्रमांकाचे शेवटचे काही आकडे. हे नावही अनोळखी वाटतं, पण अमेरिकेत इमर्जन्सी विभागातले डॉक्टर अनेकदा रुग्णालयाचे नोकर नसतात. त्यांचा गट वेगळा असतो आणि बिलही वेगळं येतं. नाव ओळखीचं नाही एवढ्यावरून पत्र फेकून देणं म्हणूनच धोक्याचं.

त्याखाली हिशेबाचा तक्ता असतो आणि कागदाचा खरा जीव त्यातच आहे. एजन्सीने एक ठरावीक तारीख निवडायची असते: उपचार झाला तो दिवस, शेवटचं बिल काढलं तो दिवस, शेवटचे पैसे भरले तो दिवस, अशा पाचांपैकी एक. त्या दिवशी देणं किती होतं, त्यानंतर व्याज किती चढलं, शुल्क किती लागलं, किती रक्कम जमा झाली आणि आज किती उरलं, हे ओळीने लिहायचं. आपल्या उदाहरणात पहिली ओळ म्हणते १,१८४ डॉलर ६० सेंट. व्याज शून्य. शुल्क ९५ डॉलर. जमा शून्य. एकूण १,२७९ डॉलर ६० सेंट.

या ओळींत दोन जागी शंका घ्यायला हवी. पहिली ९५ डॉलरचं शुल्क. मूळ करारात तसं स्पष्ट लिहिलेलं असेल किंवा कायद्याने परवानगी असेल, तरच एजन्सीला वरचं शुल्क घेता येतं. दवाखान्यात सही केलेल्या कागदांत असं कलम आहे का, हे विचारायचा पूर्ण हक्क आहे. दुसरी शंका अधिक मोठी: जमा रक्कम शून्य कशी? घरी आरोग्य विमा आहे, मग विमा कंपनीने काहीच भरलं नाही?

पत्राच्या उजव्या बाजूला हरकत कशी घ्यायची ते लिहिलेलं असतं आणि तिथे मुदतीची शेवटची तारीख स्पष्ट छापलेली असते. ती कशी काढतात हे समजून घ्यावं. नोटीस टपालात टाकल्यावर शनिवार, रविवार आणि सरकारी सुट्ट्या सोडून पाच दिवसांनी ती मिळाली असं धरता येतं. ३ मार्च २०२५ हा सोमवार. त्यापुढचा पाचवा कामाचा दिवस १० मार्च. तिथून ३० दिवस म्हणजे ९ एप्रिल. पत्रावर याहून आधीची तारीख असेल, तर एजन्सीने मुदत कापली आहे असं समजावं. तळाशी फाडून पाठवायचा फॉर्म असतो आणि त्यावर खुणा करायला चौकोन: हे देणं माझं नाही, रक्कम चुकीची आहे, आणि इतर कारण. पैसे पाठवण्याचा चौकोनही त्याच फॉर्मवर असतो. घाईघाईत तिथे खूण करून चेक जोडणारे बरेच असतात.

हे कुटुंब ‘रक्कम चुकीची आहे’ यावर खूण करून फॉर्म पाठवू शकतं आणि कायद्याला तेवढं पुरतं. तरीही स्वतंत्र पत्र लिहिलेलं चांगलं, कारण त्यात नेमकं काय हवं ते मागता येतं. ब्युरोने अशा पत्रांचे नमुने consumerfinance.gov या आपल्या संकेतस्थळावर फुकट ठेवले आहेत. पत्र इंग्रजीत, एका पानाचं, कोरडं असावं. तारीख, एजन्सीचा संदर्भ क्रमांक आणि मग सरळ वाक्य: तुमच्या ३ मार्चच्या पत्रातल्या देण्यावर मी हरकत घेत आहे. त्यापुढे मागण्या: उपचाराची तारीख आणि प्रत्येक सेवेचा वेगवेगळा आकार दाखवणारं मूळ बिल, विमा कंपनीकडून आलेल्या रकमेची नोंद, ९५ डॉलरच्या शुल्काचा आधार, मूळ धनकोचं नाव व पत्ता, आणि हे देणं वसूल करण्याचा अधिकार एजन्सीकडे कसा आला त्याचा पुरावा.

पत्रात काय लिहायचं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. ‘माझं देणं’, ‘मी जुलैपर्यंत भरतो’, ‘सध्या अडचण आहे’ अशी वाक्यं टाळावीत, कारण त्यांतून देणं कबूल केल्यासारखं होतं. बँक खात्याचा क्रमांक, कार्ड नंबर, पूर्ण सोशल सिक्युरिटी नंबर यांपैकी काहीही लिहू नये. आणि सदिच्छा म्हणून पन्नास डॉलर तर मुळीच पाठवू नयेत. देणं जुनं असेल तर हे पन्नास डॉलर फार महागात पडू शकतात. प्रत्येक राज्यात खटला भरायला मुदत असते. न्यू जर्सीत साध्या करारापोटीच्या देण्याला ती सहा वर्षांची आहे, कॅलिफोर्नियात लेखी कराराला चार वर्षांची. मुदत उलटून गेलेल्या देण्यासाठी एजन्सीने खटला भरणं किंवा भरण्याची धमकी देणं नियमाने बंद आहे. पण कित्येक राज्यांत थोडीशी रक्कम भरली किंवा देणं लेखी कबूल केलं, की संपलेली मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. सगळीकडे तसं नाही. न्यूयॉर्कने २०२२पासून क्रेडिट कार्डासारख्या ग्राहक कर्जांची मुदत तीन वर्षांवर आणली आणि पैसे भरल्याने ती पुन्हा सुरू होणार नाही असंही ठरवलं. आपल्या राज्यात काय आहे हे कळेपर्यंत एक सेंटही देऊ नये.

पत्र सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह पाठवावं. आपल्याकडे पूर्वी असलेल्या रजिस्टर पोस्टाच्या एडीसारखीच ही सोय आहे. एजन्सी ईमेलने किंवा संकेतस्थळावरून पत्रव्यवहार स्वीकारत असेल तर त्या मार्गाने घेतलेली हरकतही लेखी धरली जाते. पण मुदतीचा वाद उभा राहिला तर हातात सही-शिक्क्याची पावती असलेली केव्हाही बरी. आपल्या कुटुंबाने २० मार्चला पत्र टाकलं आणि २४ मार्चला ते एजन्सीला मिळालं असं धरू. त्या दिवसापासून वसुली थांबली पाहिजे. ३० दिवस संपायची वाट पाहण्याची गरज नाही. आता २ एप्रिलला पैशासाठी फोन आला तर तो कायद्याचा भंग ठरतो. फोनची तारीख, वेळ, नंबर आणि बोलणाऱ्याने सांगितलेलं नाव वहीत टिपून ठेवावं. असा भंग सिद्ध झाला तर प्रत्यक्ष नुकसानीखेरीज एक हजार डॉलरपर्यंत भरपाई आणि वकिलाचा खर्च न्यायालय देऊ शकतं. दावा मात्र भंग झाल्यापासून वर्षाच्या आत लावावा लागतो.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एजन्सीचं उत्तर येतं: डॉक्टरांच्या गटाच्या संगणकातून काढलेलं दोन पानांचं बिल. उपचाराची तारीख बरोबर आहे, सेवा बरोबर आहेत, एकूण १,१८४ डॉलर ६० सेंट. विम्याच्या रकान्यात शून्य. शुल्काचा आधार काही दिलेला नाही.

आता घरातली फाइल बाहेर काढायची. विमा कंपनी प्रत्येक दाव्यानंतर हिशेबाचं एक पत्रक पाठवते. वर ‘हे बिल नाही’ असं छापलेलं असल्यामुळे लोक ते फेकून देतात. या कुटुंबाने ते ठेवलं आहे, आणि ठेवलं नसतं तरी विमा कंपनीच्या संकेतस्थळावर ते मिळालं असतं. त्यात लिहिलंय: आकारलेली रक्कम १,१८४ डॉलर ६० सेंट, करारानुसार सूट ६१२ डॉलर ३५ सेंट, विमा कंपनीने भरले ४२२ डॉलर २५ सेंट, रुग्णाने द्यायचे १५० डॉलर. विमा कंपनीचे पैसे ऑगस्टमध्येच गेले होते. मग ते खात्यात जमा का दिसत नाहीत? मुलाचं नाव. विम्याच्या कार्डावर मधे वडिलांचं नाव आहे. रुग्णालयात रात्रीच्या घाईत ते वगळून नोंद झाली. डॉक्टरांच्या गटाच्या संगणकात एका मुलाची दोन खाती तयार झाली. पैसे एका खात्यात पडले आणि दुसरं खातं थकीत म्हणून एजन्सीकडे गेलं. मराठी नावांच्या बाबतीत हे सहज घडू शकतं, कारण वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव कुठे मधलं नाव होतं, कुठे पहिल्या नावाला चिकटतं आणि कुठे गळून जातं.

देणं होतं, पण १५० डॉलरचं. मागणी आली ती त्याच्या साडेआठ पटीची. सरळ चेक फाडला असता तर हे कधीच कळलं नसतं, आणि पत्र केराच्या टोपलीत टाकलं असतं तर दीडशेच्या देण्यावर बाराशेचा खटला येऊ शकला असता. पुढचं काम सोपं आहे. पत्रकाची प्रत एजन्सी आणि डॉक्टरांचा गट या दोघांनाही पाठवायची आणि १५० डॉलर भरल्यावर खातं पूर्ण मिटेल हे लेखी मागायचं. ते मिळाल्यावरच पैसे चेकने किंवा क्रेडिट कार्डाने भरायचे आणि बाकी शून्य असल्याचं पत्र जपून ठेवायचं.

एजन्सीकडचे आकडे इतके चुकीचे का निघतात? दवाखान्याच्या बिलाचं कारण वर आलंच. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचं कारण वेगळं आहे. बँका बुडीत धरलेली खाती गठ्ठ्याने विकून टाकतात. व्यापार आयोगाने २०१३ साली या धंद्याचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जवळपास नऊ कोटी खाती तपासली गेली. ही खाती घेणाऱ्या कंपन्यांनी दर डॉलरमागे सरासरी चार सेंट मोजले होते. म्हणजे हजार डॉलरची थकबाकी चाळीस डॉलरला. एवढ्या भावात बहुधा मिळते ती नुसती यादी: नाव, पत्ता, रक्कम, तारीख. करार, बिलं, ग्राहकाने पूर्वी घेतलेली हरकत यांतलं फार थोडं सोबत येतं. मग हीच यादी पुढे दुसऱ्याला, तिसऱ्याला विकली जाते. त्याच अभ्यासात आढळलं की लोकांनी हरकत घेतलेल्या देण्यांपैकी जेमतेम निम्म्यांचा, ५१.३ टक्क्यांचा, पडताळा कंपन्यांनी केला. उरलेल्यांचं उत्तर द्यायला त्यांच्याजवळ काही नव्हतं किंवा ते शोधण्याचे कष्ट घेणं त्यांना परवडत नव्हतं. एका साध्या पत्राने एवढ्या मागण्या मागे पडतात, ही गोष्ट सामान्य माणसासाठी फार मोलाची आहे.

तरी या हक्काच्या मर्यादा प्रामाणिकपणे सांगितल्या पाहिजेत, कारण इंटरनेटवर याबद्दल भलत्याच अपेक्षा पसरलेल्या आहेत. मूळ सहीचा करार दाखवला नाही म्हणजे देणं रद्द झालं, असं काही नाही. पडताळा म्हणजे नेमकं काय, हे कायद्यात लिहिलेलंच नाही, आणि न्यायालयांनी त्याचा अर्थ बराच सैल लावला आहे. न्यू जर्सी ज्या अपील न्यायालयाखाली येतं, त्याने १९९१मध्येच म्हटलं होतं की रक्कम, दिलेली सेवा आणि तारखा दाखवणारे संगणकाचे कागद पुरेसे आहेत. व्हर्जिनिया आणि मेरीलँडसाठीच्या अपील न्यायालयाने १९९९मध्ये त्याहूनही कमी मागितलं: धनको इतकीच रक्कम मागतो आहे, एवढं एजन्सीने लेखी कळवलं तरी झालं. ओहायो, मिशिगनकडच्या न्यायालयाने मात्र २०१४मध्ये सांगितलं की हे देणं कधी आणि कशापोटी झालं, ते ग्राहकाला समजेल इतका तपशील हवा. त्यामुळे आलेला कागद जेमतेम असला तर तेवढ्यावर लढाई जिंकली असं मानू नये. त्याची गाठ आपल्याकडच्या कागदांशी घालून पाहावी. आपल्या उदाहरणात चूक उघडी पडली ती तशीच.

दुसरी मर्यादा अशी की एजन्सी उत्तर न देता गप्प बसू शकते. तसं करणं बेकायदा नाही, फक्त तिला वसुली करता येत नाही. काही महिन्यांनी तेच देणं दुसऱ्या एजन्सीकडे गेलं तर तिची नवी नोटीस येते, पुन्हा ३० दिवस मिळतात आणि पत्र पुन्हा लिहावं लागतं. म्हणून पहिल्या पत्राची प्रत टाकून देऊ नये. मुदत चुकली तर हक्क गेला, पण देणं कबूल केलं असा अर्थ न्यायालय त्यातून काढू शकत नाही. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. उशिरा का होईना, हरकत लिहून पाठवावीच.

सगळ्यात घातक गैरसमज न्यायालयाच्या समन्सबाबत आहे. हातात समन्स पडलं असेल तर एजन्सीला लिहिलेलं पत्र तिथे कामाचं नाही. समन्सला उत्तर न्यायालयातच आणि त्यावर दिलेल्या मुदतीतच द्यावं लागतं. ते दिलं नाही तर एकतर्फी निकाल लागतो. मग पगारातून किंवा बँक खात्यातून रक्कम कापली जाऊ शकते, देणं मुळात खरं होतं की नव्हतं याचा विचार न होता.

भोंदू माणूस ओळखायला हाच लेखी मागणीचा रस्ता उपयोगी पडतो. ‘तुमच्या कंपनीचं नाव आणि टपालाचा पत्ता सांगा, नोटीस पाठवा, मी लेखी उत्तर देईन’ असं म्हटल्यावर खरी एजन्सी पत्ता सांगते, कारण नोटीस पाठवणं तिच्यावर बंधनकारकच आहे. खोटा माणूस चिडतो, आजच भरा म्हणतो, पोलीस निघाले आहेत असं सांगतो, गिफ्ट कार्डाने किंवा थेट बँकेतून पैसे पाठवायला लावतो. खासगी देणं थकवल्याबद्दल अमेरिकेत अटक होत नाही, आणि तशी धमकी देणं वसुली एजन्सीला कायद्याने मना आहे. व्हिसावर असलेली मुलं या धमकीला सगळ्यात जास्त घाबरतात. त्यांना हे वाक्य पाठ असायला हवं.

भारतात असा ३० दिवसांचा हक्क नाही. पण रिझर्व्ह बँकेने २००८ साली बँकांना दिलेल्या सूचनांत वसुली एजंटाने ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र जवळ बाळगावं असं आहे. ग्राहकाची तक्रार पडून असेल तर ती निकाली निघेपर्यंत प्रकरण वसुलीला देऊ नये, असंही त्यात म्हटलं आहे. तेव्हा इथे एजंटाशी हुज्जत घालण्यापेक्षा सरळ बँकेला लेखी विचारावं.

अमेरिकेतून परत आलेल्यांनी आणि मुलं तिकडे असलेल्या आई-वडिलांनी एका गोष्टीकडे जरूर लक्ष द्यावं. घर सोडलं, देश सोडला, तरी शेवटचं विजेचं बिल, दवाखान्याचं बिल, घरमालकाची मागणी मागे राहू शकते आणि नोटीस जुन्या पत्त्यावर जाते. निघण्यापूर्वी टपाल खात्यात पत्ताबदल नोंदवा आणि तिकडच्या एखाद्या विश्वासू मित्राचा पत्ता द्या. पुण्याच्या किंवा नाशिकच्या घरी मुलाच्या देण्याबद्दल फोन आला तर त्याच्याबद्दल काहीही सांगू नका, पैशाचं काहीही कबूल करू नका. कंपनीचं नाव, पत्ता, फोन नंबर आणि तारीख लिहून घ्या आणि त्याच दिवशी मुलाला कळवा. एजन्सीचं पत्र हाती आलं तर ते मिळाल्याची तारीख पाकिटावरच लिहा आणि पाकीट पत्रासोबत ठेवा.